कोर्स संपल्यावर येणारा विद्यार्थ्यांचा फीडबॅक: रिपोर्ट कसा वाचायचा आणि त्यावर नक्की काय करायचं

सेमिस्टर संपतं, मार्क भरून होतात आणि मग एक दिवस मेलमध्ये फीडबॅकचा रिपोर्ट येऊन पडतो. बहुतेक जण आधी एकूण सरासरी बघतात, ती विभागाच्या सरासरीच्या वर आहे की खाली ते बघतात, मग थेट शेवटी कमेंट्सवर उडी मारतात, त्यातली सगळ्यात झोंबणारी कमेंट दोनतीनदा वाचतात आणि रिपोर्ट बंद करतात. मीसुद्धा बरीच वर्षं असंच वाचत होते. अशा वाचनातून मनस्ताप तेवढा मिळतो, पण पुढच्या बॅचला काय वेगळं द्यायचं ते काही कळत नाही.

आता मी रिपोर्ट तीन टप्प्यांत वाचते. आकडा सांगतो की कुठे दुखतंय. कमेंट्सवरून अंदाज येतो की का दुखतंय. आणि तो अंदाज बरोबर आहे का हे आपल्याच जवळच्या नोंदी सांगतात, म्हणजे तारखा, मार्कांचं रजिस्टर, लेक्चर प्लॅन. क्रम उलटा केला, आधी कमेंट आणि मग आकडे, तर एका रागावलेल्या मुलाचं मत अख्ख्या वर्गाचं वाटायला लागतं.

उदाहरणासाठी एक रिपोर्ट समोर धरू. संख्याशास्त्राचा पहिला कोर्स, वर्गात 60 मुलं, फॉर्म भरला 27 जणांनी. स्केल 1 ते 5, 5 म्हणजे पूर्ण सहमत. चार प्रश्नांच्या सरासऱ्या अशा आल्या: "वर्गात प्रश्न विचारायला मोकळीक होती" 4.37, "समजावून सांगणं स्पष्ट होतं" 3.56, "शिकवण्याचा वेग मला झेपला" 3.22 आणि "असाइनमेंटवर मिळालेल्या शेऱ्यांचा उपयोग झाला" 2.33.

पहिलं काम: किती जण बोलले ते बघा

60 पैकी 27 म्हणजे 45 टक्के. उरलेले 33 जण गप्प आहेत आणि ते का गप्प आहेत हे आपल्याला ठाऊक नाही. फॉर्म भरणारे हे वर्गाचा नमुना आहेत असं धरून चालणं इथे चुकीचं आहे, कारण त्यांना कुणी चिठ्ठ्या टाकून निवडलेलं नाही, ज्याला काही सांगायचं होतं किंवा ज्याच्याकडे वेळ होता त्यानं भरला.

मग हा रिपोर्ट टाकून द्यायचा का? नाही, एक साधा हिशोब करायचा. असाइनमेंटच्या प्रश्नाला 1 किंवा 2 देणारे किती ते मोजा. इथे ते 17 आहेत. आता गप्प असलेले सगळेच्या सगळे 33 जण खूश होते असं धरलं तरी 60 पैकी 17 मुलं नाराज आहेत हे पक्कं, म्हणजे जवळपास 28 टक्के. ही सगळ्यात कमी बाजू झाली. सगळेच नाराज असतील तर 50. खरा आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी. पण निर्णय घ्यायला कमी बाजूचा आकडाच पुरतो, कारण 17 मुलांना शेऱ्यांचा उपयोग झाला नसेल तर त्यावर काम करायलाच हवं, बाकीचे काय म्हणाले असते याची वाट बघायची गरज नाही.

कच्चा डेटा मिळत असेल तर स्प्रेडशीटमध्ये ही मोजणी एका ओळीत होते. समजा उत्तरं B2 ते B28 मध्ये आहेत:

```
=COUNTIF(B2:B28,"<=2")
```

दुसरं: सरासरी सोडा, वाटणी बघा

वेगाच्या प्रश्नाची सरासरी 3.22. हा आकडा एकटा वाचला तर वाटतं की ठीकठाक आहे, कुणी फार खूश नाही, कुणी फार नाराज नाही. आता उत्तरांची वाटणी बघा: 5 देणारे 9, 4 देणारे 6, 3 देणारा एकच, 2 देणारे 4 आणि 1 देणारे 7. म्हणजे "ठीकठाक" म्हणणारा अख्ख्या यादीत एकच जण आहे! वर्ग दोन तुकड्यांत फुटलाय, 15 जणांना वेग छान झेपला आणि 11 जण मागे पडले.

ही गोष्ट सरासरीत दिसतच नाही आणि ती दिसली नाही की उपायही चुकीचा होतो. 3.22 बघून हा कोर्स शिकवणाऱ्या बाई ठरवणार की पुढच्या वर्षी जरा हळू शिकवू. मग काय होईल, तर ज्या 15 जणांना झेपत होतं ते कंटाळतील, आणि जे 11 मागे पडले होते ते वेगामुळे पडले नसतील तर तरीही मागेच पडतील. दोन ढिगांमध्ये वाटलेली उत्तरं दिसली की वेगाआधी दुसरा प्रश्न विचारायचा: या दोन गटांत फरक कशाचा आहे? ते कमेंट्समध्ये बघू.

असाइनमेंटच्या प्रश्नाची वाटणी मात्र वेगळी आहे. 5 देणारा 1, 4 देणारे 3, 3 देणारे 6, 2 देणारे 11, 1 देणारे 6. इथे दोन ढीग नाहीत, सगळा वर्गच खाली झुकलाय. असं दिसलं की कारण बहुतेक करून सगळ्यांना सारखंच लागू होणारं असतं, एखाद्या गटाची पूर्वतयारी वगैरे नाही.

मागच्या वर्षीशी तुलना करताना अजून एक हिशोब लक्षात ठेवा. 27 जणांच्या यादीत एकाच मुलानं 5 ऐवजी 1 दिला तर सरासरी 0.15 नं खाली येते. दोघांनी दिला तर 0.3. म्हणजे मागच्या वर्षी 3.5 आणि यंदा 3.2 यावरून "शिकवणं घसरलं" असं म्हणणं हे दोन मुलांच्या मूडवरून निष्कर्ष काढणं आहे. आणि ज्या ऐच्छिक विषयाला 8 जणांनीच फॉर्म भरलाय तिथे एकटा मुलगा सरासरी अर्ध्या पॉइंटनं हलवतो, तिथे सरासरी काढूच नये, आठच्या आठ उत्तरं सरळ वाचावीत. एचओडींसमोर बसायची वेळ आली तर हा हिशोब कागदावर मांडून न्या, शांतपणे दाखवता येतो.

तिसरं: कमेंट्स, हा सगळ्यात वेळखाऊ भाग

कमेंट्स पहिल्यांदा वाचाल तेव्हा फक्त वाचा, काही ठरवू नका. रिपोर्ट बंद करून दोन दिवस जाऊ द्या. पहिल्या वाचनात टोचणाऱ्या ओळीच डोक्यात राहतात, कितीही अनुभव असला तरी हे होतंच, म्हणून दोन दिवसांनी हातात पेन घेऊन मोजायला बसायचं.

मोजायचं असं. एका कमेंटमध्ये बहुतेक वेळा दोनतीन गोष्टी एकत्र असतात, त्या आधी सुट्या करायच्या. समजा एकानं लिहिलंय: "मॅडम छान शिकवतात, उदाहरणं मस्त असतात पण असाइनमेंट परत मिळते तेव्हा पुढची जमा करून झालेली असते, मग शेरे वाचून काय करणार." यात तीन विधानं आहेत. एक साधं कौतुक, एक उदाहरणांबद्दल, एक असाइनमेंट परत मिळण्याच्या वेळेबद्दल. कौतुकाचं विधान बाजूला ठेवा, त्यात तुम्हाला करण्यासारखं काही नाही (आनंद जरूर होऊ द्या), बाकीची दोन तक्त्यात लिहा. तक्त्याला तीनच रकाने पुरतात: विषय काय, किती वेगळ्या मुलांनी म्हटलं, आणि ते माझ्या हातात आहे का.

आपल्या उदाहरणात 27 पैकी 16 जणांनी कमेंट लिहिली आणि त्यातून कामाची 34 विधानं निघाली. असाइनमेंट उशिरा परत मिळते असं म्हणणारे 9 जण. उदाहरणं आवडली 7. वेग फार जास्त 6, वेग चांगला 3. प्रोजेक्टर नीट दिसत नाही 4. किरकोळ 4. आणि बाईंच्या कपड्यांवर एक शेरा.

मोजताना माणसं मोजायची, शब्द नाही. एकानं वेगावर बारा ओळी लिहिल्या असतील तरी तो एकच. आणि असाइनमेंटबद्दल नऊ जणांनी एकेक साधी ओळ लिहिली असेल, कुणीही चिडलेलं नसेल, तरी ते नऊ आहेत. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच: जोरात बोललेलं मोठं वाटतं आणि हळू आवाजात वारंवार सांगितलेलं निसटून जातं.

कपड्यांवरचा, दिसण्यावरचा, उच्चारांवरचा शेरा तक्त्यातून काढून टाका, त्याला उत्तर देऊ नका, त्यावर विचारही करत बसू नका. त्यात धमकी किंवा शिवीगाळ असेल तर तेवढा भाग वेगळा काढून एचओडींना लेखी कळवा, तो फीडबॅकचा विषय राहत नाही. आणि कुणी लिहिलं असेल याचा अंदाज बांधू नका, अगदी मनातल्या मनातही नाही. अंदाज बहुतेक वेळा चुकतो, आणि बरोबर आला तरी त्या मुलाशी पुढे वागताना तो मधे येतो. एकदा मुलांना शंका आली की नावं शोधली जातात, तर पुढच्या बॅचपासून खरं कुणी लिहिणारच नाही.

आता वेगाबद्दलच्या सहा कमेंट्स नीट वाचा. त्यातल्या चौघांनी नेमकं सांगितलंय की परिकल्पना चाचणी हा संभाव्यतेवर उभा असलेला भाग सुरू झाल्यावर काही कळेनासं झालं, आणि दोघं म्हणतात की संभाव्यता आम्ही आधी शिकलोच नव्हतो. म्हणजे दोन ढिगांमधला फरक वेगाचा नसून पूर्वतयारीचा असावा. "असावा" म्हणतेय, कारण हा अजून अंदाजच आहे.

चौथं: अंदाज नोंदींशी ताडून बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मुलं जे सांगतात ते त्यांना जाणवलेलं असतं. ते खोटं नसतं, पण घडलेलं आणि जाणवलेलं यात अंतर पडू शकतं. याचं एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलंय. अमेरिकेत एका ऑनलाइन कोर्सवर केलेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन सहायक शिक्षक, एक स्त्री आणि एक पुरुष, दोघांकडे दोनदोन गट, आणि दोघांनीही एका गटाला स्वतःच्या नावानं तर दुसऱ्या गटाला एकमेकांच्या नावानं शिकवलं. मुलांनी त्यांना कधी प्रत्यक्ष बघितलं नव्हतं. गृहपाठ सगळ्या गटांना एकाच वेळी तपासून परत दिला होता, तरीही "वेळेवर परत देतात का" या प्रश्नाला पुरुषाच्या नावाला 4.35 मिळाले आणि स्त्रीच्या नावाला 3.55. मुलं 43च होती, प्रयोग छोटा होता, त्यामुळे त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलू नये. पण वेळ ही तर मोजता येणारी गोष्ट, तिथेही नावावरून जाणीव बदलू शकते, म्हणून तारखा काढून बघणं हे तुमच्या स्वतःच्या बाजूनंही गरजेचं आहे.

तर आपल्या कोर्सच्या तारखा काढू. असाइनमेंट दर 14 दिवसांनी जमा होत होती. दुसरी असाइनमेंट परत दिली 19 दिवसांनी. तिसरी 18, चौथी 21. म्हणजे मुलं बरोबरच सांगत होती, दुसरीचे शेरे हातात आले तेव्हा तिसरी जमा करून पाच दिवस झाले होते. शेरे कितीही चांगले असोत, ते वापरायला जागाच उरली नव्हती. इथे 2.33 चा अर्थ पूर्ण बदलतो: "शेरे वाईट आहेत" असं नसून "शेरे उशिरा येतात" असं आहे. तारखा न बघता बाईंनी शेरे आणखी सविस्तर लिहायला घेतले असते तर तपासायला अजून वेळ लागला असता आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी खाली गेला असता.

पूर्वतयारीचा अंदाज तपासायला मार्कांचं रजिस्टर घ्या. फॉर्म निनावी असतो, त्यामुळे कुणी 1 दिला ते कळणार नाही आणि कळायलाही नको. पण सगळ्या वर्गाचे संभाव्यतेच्या पहिल्या चाचणीचे मार्क आणि शेवटच्या परीक्षेत परिकल्पना चाचणीच्या प्रश्नाचे मार्क शेजारी ठेवता येतात. पहिल्या चाचणीत खाली असलेली मुलंच त्या प्रश्नातही अडकली असतील तर अंदाजाला आधार मिळाला. सगळा वर्गच त्या प्रश्नात अडकला असेल तर मग तो भाग शिकवण्यातच काहीतरी राहून गेलंय.

एका बाबतीत मात्र आकडा खाली गेला तरी घाई करू नका: शिकवायची पद्धत बदलून मुलांना वर्गात स्वतः विचार करायला लावलं असेल तेव्हा. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास 2019 मध्ये आला, त्यात गटात गणितं सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त मार्क पडले, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते गुळगुळीत लेक्चर ऐकणाऱ्यांना. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं आपल्याला येत नाहीये. अशा वेळी "मी किती शिकलो" या प्रश्नाचा आकडा चाचणीच्या मार्कांशी ताडल्याशिवाय पद्धत गुंडाळून ठेवू नका.

पाचवं: दोनच बदल, पण तपशिलासकट

तक्त्यात दहा गोष्टी असल्या तरी दोन निवडा. जास्त घेतल्या की सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्याच सुटतात. आपल्या उदाहरणात असाइनमेंटचा उशीर आणि संभाव्यतेची पूर्वतयारी. प्रोजेक्टर हा बदल नाही, तो ऑफिसला एक मेल आहे, आजच करा.

उशिराच्या बाबतीत "यंदा लवकर तपासेन" हा निश्चय टिकत नाही, कारण उशीर आळसानं झालेला नसतो. हिशोब करा: 60 वह्या, प्रत्येकीला 12 मिनिटं, म्हणजे 12 तास. बाकी लेक्चर्स सांभाळून हे 12 तास एका आठवड्यात निघतच नाहीत. मग कामच कमी करायला हवं. चार गणितांपैकी एकाच गणितावर सविस्तर शेरे, बाकी तिघांना फक्त बरोबर-चूक. वही 5 मिनिटांत होते, एकूण 5 तास, म्हणजे रोज एक तास धरला तरी सात दिवसांच्या आत वह्या परत. कुठल्या गणितावर शेरे मिळणार ते आधी सांगायचं नाही, नाहीतर मुलं तेवढंच एक नीट करतात. शिवाय पहिल्या वीस वह्या तपासून झाल्या की वारंवार दिसलेल्या चारपाच चुका एका कागदावर लिहून पुढच्याच लेक्चरला दहा मिनिटं त्यावर बोलायचं. हे मुलांना वह्या मिळायच्या आधीच मिळतं, आणि माझ्या अनुभवात याचाच उपयोग जास्त होतो.

पूर्वतयारीसाठी पहिल्याच आठवड्यात संभाव्यतेची दहा प्रश्नांची बिनमार्कांची चाचणी घ्यायची, आणि ज्यांना सहापेक्षा कमी बरोबर आले त्यांच्यासाठी परिकल्पना चाचणी सुरू व्हायच्या आधी तासाभराची दोन जादा सत्रं ठेवायची. मुख्य लेक्चरचा वेग तसाच ठेवायचा, कारण 15 जणांना तो जमत होता.

सहावं: मुलांना सांगा, आणि मधेच एकदा विचारा

नवीन बॅचच्या पहिल्या लेक्चरला दोन मिनिटं काढून सांगा: मागच्या बॅचनं सांगितलं की असाइनमेंट उशिरा मिळते, म्हणून यंदा सात दिवसांत देणार आहे, त्यासाठी सविस्तर शेरे एकाच गणितावर असतील. आणि जे बदललं नाही तेही कारणासकट सांगा, वेग कमी केलेला नाही, त्याऐवजी जादा सत्रं आहेत. फक्त मागच्या बॅचची तक्रार करत बसू नका, "त्यांना कळलंच नाही" या सुरात तर अजिबात नाही, समोरची मुलं त्यातून शिकतात की इथे लिहिलेलं अंगावर येतं. फॉर्म भरून काहीतरी होतं हे दिसलं की भरणारेही वाढतात. त्यात शेवटच्या फॉर्मसाठी लेक्चरमधलीच दहा मिनिटं दिली आणि तेवढा वेळ तुम्ही वर्गाबाहेर थांबलात तर आणखी फरक पडतो.

पाचव्या आठवड्यात, पहिली असाइनमेंट परत देऊन झाल्यावर, साध्या चिठ्ठ्या वाटा. निनावी, तीनच प्रश्न: शिकायला कशाची मदत होतेय, कुठे अडखळताय, आणि असाइनमेंटचे शेरे पुढची सोडवताना वापरले का, वापरले तर कसे. तिसरा प्रश्न मुद्दाम असा ठेवलाय. "शेरे आवडले का" विचारलं की मुलं सौजन्यानं हो म्हणतात. काय केलं ते विचारलं की खरं बाहेर येतं. कॉलेजच्या छापील फॉर्ममध्ये आपले प्रश्न घालायची सोय असेल तर तिथेही हेच तत्त्व पाळा. मुलांनी जे स्वतः पाहिलं, केलं, अनुभवलं तेच विचारा. शिक्षकाचं विषयाचं ज्ञान किती अद्ययावत आहे असे प्रश्न बऱ्याच फॉर्मवर असतात, पण विषय पहिल्यांदाच शिकणारा मुलगा त्याचं उत्तर कशावरून देणार? आणि "वेळेवर आणि सविस्तर शेरे मिळाले" असा जोडप्रश्न असेल तर तोडून दोन करा, नाहीतर 2 आला तर तो वेळेला आहे की शेऱ्यांना हे कळतच नाही.

पुढच्या वर्षीचा रिपोर्ट आला की सगळ्यात आधी तारखांची नोंद काढा, वह्या खरंच सात दिवसांत गेल्या का. गेल्या नसतील तर आकडा बघण्यात अर्थ नाही, बदल झालेलाच नाही. गेल्या असतील तर त्याच प्रश्नाला, त्याच स्केलवर, 1 आणि 2 देणारे किती ते मोजा. फॉर्म भरणारे साधारण तेवढेच असताना 17 चे 6 झाले तर उपाय लागू पडला असं मी धरते. 17 चे 15 झाले तर काहीच म्हणता येत नाही. आणि वह्या वेळेवर जाऊनही आकडा तिथेच अडकला असेल तर उशीर हे खरं कारण नव्हतं, किंवा एकटंच कारण नव्हतं. मग पाचव्या आठवड्यातल्या चिठ्ठ्यांवरची तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं पुन्हा काढा आणि ज्यांनी "वाचले पण वापरले नाहीत" असं लिहिलंय ती आधी वाचा.